एक बिट, सहा डेसिबल

डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाज संख्यांच्या रूपात साठवला जातो. हवेचा दाब कमी-जास्त झाला की मायक्रोफोनचा पडदा हलतो आणि त्याबरोबर तारेतले व्होल्टेज खाली-वर होते. ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर हे व्होल्टेज ठरावीक अंतराने मोजतो आणि प्रत्येक मोजणीची एक संख्या लिहून ठेवतो. अशा एका मोजणीला सॅम्पल म्हणतात. सेकंदाला किती सॅम्पल घ्यायचे, हे सॅम्पलिंग रेट ठरवतो. त्यावर मुद्रणात किती उंच सूर मावेल, हे अवलंबून असते. प्रत्येक सॅम्पलची संख्या लिहायला किती जागा द्यायची, हे बिट डेप्थ ठरवते. त्यावर सर्वांत मोठा आवाज आणि सर्वांत मंद आवाज यांच्यात किती अंतर ठेवता येईल, हे अवलंबून असते. या अंतराला डायनॅमिक रेंज म्हणतात आणि ते डेसिबलमध्ये मोजतात.

या दोहोंमधला संबंध अगदी सरळ आहे. सॅम्पलमध्ये एक बिट वाढला की डायनॅमिक रेंज सुमारे सहा डेसिबलने वाढते. ८ बिटांना सुमारे ४८ डेसिबल, १६ बिटांना सुमारे ९६ आणि २४ बिटांना सुमारे १४४. सहाचा हा आकडा कुणी प्रमाण म्हणून ठरवलेला नाही, तो गणितातून आपोआप निघतो. तो कुठून येतो, प्रत्यक्ष मुद्रणात कितपत हाती लागतो आणि कुठे थांबतो, हे क्रमाने पाहता येते.

पायऱ्या आणि उरलेली चूक

एका बिटात दोनच गोष्टी लिहिता येतात: ० किंवा १. दोन बिटांत चार, तीन बिटांत आठ. प्रत्येक नव्या बिटाने लिहिता येणाऱ्या संख्या दुप्पट होतात. १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या बसतात आणि २४ बिटांत सुमारे १ कोटी ६८ लाख. कन्व्हर्टरला मोजता येणारा सगळा व्होल्टेजचा पल्ला इतक्या समान पायऱ्यांत विभागलेला असतो. प्रत्यक्षातले व्होल्टेज मात्र सलग असते, ते दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठेही असू शकते. संख्या तर एखाद्या पायरीचीच लिहावी लागते. म्हणून कन्व्हर्टर मोजलेले व्होल्टेज जवळच्या पायरीवर नेऊन बसवतो. या क्रियेला क्वांटायझेशन म्हणतात.

तीन बिटांचा एक कन्व्हर्टर घेऊ. त्याचा पल्ला उणे १ व्होल्टपासून अधिक १ व्होल्टपर्यंत आहे, म्हणजे एकूण २ व्होल्ट. आठ पायऱ्यांत वाटल्यावर प्रत्येक पायरी ०.२५ व्होल्टची होते. एका क्षणी व्होल्टेज ०.६० असेल, तर जवळची पायरी ०.५० ची. चूक ०.१० व्होल्ट. पुढच्या क्षणी व्होल्टेज उणे ०.४१ असेल, तर ते उणे ०.५० वर बसते आणि चूक ०.०९ व्होल्ट होते. चूक जास्तीत जास्त अर्ध्या पायरीएवढी, म्हणजे ०.१२५ व्होल्ट असू शकते, कारण त्याहून दूर गेलेले व्होल्टेज शेजारच्या पायरीवर जाते.

आता एक बिट वाढवला. पायऱ्या सोळा झाल्या आणि प्रत्येक पायरी ०.१२५ व्होल्टची झाली. ०.६० व्होल्ट आता ०.६२५ वर बसते, चूक ०.०२५. उणे ०.४१ व्होल्ट उणे ०.३७५ वर बसते, चूक ०.०३५. एखादे व्होल्टेज असेही सापडेल की ज्याची चूक तेवढीच राहिली. ०.३० व्होल्ट दोन्ही वेळा ०.२५ वरच बसते आणि ०.०५ ची चूक दोन्ही वेळा तशीच राहते. पण मोठ्यात मोठी चूक निम्मी झाली आहे आणि हजारो सॅम्पलची सरासरी काढली तर तीही निम्मी होते. पुढचा सगळा हिशोब एवढ्यावरच उभा आहे: एक बिट वाढला की पायरी निम्मी, पायरी निम्मी झाली की चूक निम्मी.

ही चूक ऐकू कशी येते? मूळ आवाज आणि लिहिलेल्या संख्या यांच्यातला फरक सॅम्पलमागून सॅम्पल मांडला, तर त्याचाही एक आवाजच तयार होतो. मुद्रण वाजवताना मूळ गाण्याबरोबर हा फरकही वाजतो. गाणे पुरेसे मोठे आणि गुंतागुंतीचे असेल, तर या फरकात कोणताही ठरावीक नमुना उरत नाही. तो साऱ्या कंप्रतांवर पसरलेल्या सळसळीसारखा वाटतो. बेल लॅबोरेटरीजमधले डब्ल्यू. आर. बेनेट यांनी १९४८ मध्ये या फरकाचे गणित मांडले. त्यांच्या मांडणीप्रमाणे या सळसळीची परिणामी पातळी, म्हणजे विद्युत अभियंते जिला आरएमएस म्हणतात ती, पायरीच्या उंचीला १२ च्या वर्गमुळाने भागल्यावर मिळते. ती पायरीच्या सुमारे २९ टक्के येते.

सहाचा आकडा

डेसिबल हे गुणोत्तराचे माप आहे. एक पातळी दुसरीपेक्षा किती पट आहे, हे ते सांगते. ध्वनीच्या कामात व्होल्टेज दहापट झाले की पातळी २० डेसिबलने वाढली असे मानतात. त्यामुळे शंभरपट म्हणजे ४० डेसिबल आणि हजारपट म्हणजे ६०. इथून लॉगॅरिदम न वापरताही दुपटीचे डेसिबल काढता येतात. दोनाला दोनाने दहा वेळा गुणत गेले की १,०२४ येतात, म्हणजे जवळजवळ हजार. हजारपट म्हणजे ६० डेसिबल. हे अंतर दहा दुपटींनी मिळाले, म्हणून एका दुपटीच्या वाट्याला साधारण सहा डेसिबल आले. १,०२४ हे हजारापेक्षा किंचित जास्त असल्याने नेमका आकडा ६.०२ आहे. बिट वाढला की चूक निम्मी होते, म्हणजे मोठ्यात मोठा आवाज आणि चूक यांचे गुणोत्तर दुप्पट होते. म्हणून प्रत्येक बिटामागे ६.०२ डेसिबल.

अभियांत्रिकीच्या पुस्तकांत हे सूत्र थोडे वेगळे दिसते:

```
SNR = 6.02 × N + 1.76 dB
```

इथे N म्हणजे बिटांची संख्या आणि SNR म्हणजे मूळ आवाज व सळसळ यांचे डेसिबलमधले अंतर. वरचे १.७६ येतात ते मोजण्याच्या पद्धतीमुळे. या सूत्रात पूर्ण पल्ला भरणाऱ्या शुद्ध साइन सुराची आरएमएस पातळी आणि चुकीची आरएमएस पातळी यांची तुलना केलेली असते. साइन सुराची आरएमएस पातळी त्याच्या शिखरापेक्षा कमी असते आणि चुकीची पातळी पायरीपेक्षा कमी असते. दोन्हींचा हिशोब केल्यावर गुणोत्तर पायऱ्यांच्या संख्येच्या १.२२ पट येते आणि त्याचे १.७६ डेसिबल होतात. १६ बिटांचे उत्तर म्हणून ९८.१ डेसिबल निघते. ज्या ठिकाणी ९६ लिहिलेले असते, तिथे फक्त पायऱ्यांच्या संख्येचे डेसिबल केलेले असतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मोजलेली गोष्ट थोडी निराळी आहे. बिटामागचे सहा डेसिबल दोन्हींत तेच राहतात.

या हिशोबात एक मोठी सोय दडलेली आहे. बिट वाढवत गेले की पायऱ्या दुपटीने वाढतात, पण फाइल दुपटीने वाढत नाही. १६ बिटांऐवजी १७ बिट वापरले तर पायऱ्या ६५,५३६ वरून १,३१,०७२ होतात, आणि साठवणीची जागा मात्र फक्त एक षोडशांशाने वाढते. २४ बिटांची फाइल १६ बिटांच्या फाइलच्या दीडपटच असते, पण तिच्यातल्या पायऱ्या २५६ पट बारीक असतात.

चौदा की सोळा

सीडीचे प्रमाण ठरत असताना बिटांचा हा हिशोब प्रत्यक्ष वाटाघाटींचा विषय झाला. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्या १९७९ पासून एकत्र बसून हे प्रमाण ठरवत होत्या. फिलिप्सचा आग्रह १४ बिटांचा होता, कारण तिच्याकडे त्या क्षमतेचा डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर तयार होत आला होता. त्या काळी १६ बिटांची अचूकता एका चिपमध्ये आणणे कठीण होते. सोनी १६ बिटांवर ठाम राहिली. दोन बिटांचा फरक म्हणजे १२ डेसिबल. चौदा बिटांना सुमारे ८६ डेसिबल मिळाले असते, सोळांना ९८. लांब वाजणाऱ्या रेकॉर्डवर साधारण ६० ते ७० डेसिबलच मिळत, त्यामुळे १४ बिटसुद्धा मोठी झेप ठरली असती. शेवटी १९८० मध्ये ठरलेल्या प्रमाणात १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० सॅम्पल हे आकडे पक्के झाले.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानमध्ये विक्रीला आला. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये मात्र १४ बिटांचाच कन्व्हर्टर होता, आणि तरीही तो १६ बिटांच्या तोडीचा आवाज देत होता. हे कसे जमले, ते समजून घेतले की सहा डेसिबलच्या नियमाची दुसरी बाजू कळते.

क्वांटायझेशनची सळसळ शून्यापासून सॅम्पलिंग रेटच्या निम्म्या कंप्रतेपर्यंत पसरलेली असते. फिलिप्सच्या अभियंत्यांनी डिजिटल फिल्टर वापरून सॅम्पलची संख्या चौपट केली. सेकंदाला ४४,१०० ऐवजी १,७६,४०० सॅम्पल कन्व्हर्टरकडे जाऊ लागले. सळसळीची एकूण ऊर्जा तेवढीच राहिली, पण ती चौपट रुंद पट्ट्यावर पसरली. त्यामुळे माणसाला ऐकू येणाऱ्या भागात तिचा एक चतुर्थांशच उरला. ऊर्जा एक चतुर्थांश म्हणजे व्होल्टेज निम्मे, म्हणजेच सहा डेसिबल, म्हणजेच एक बिट. राहिलेल्या बिटासाठी त्यांनी प्रत्येक सॅम्पल १४ बिटांत बसवताना झालेली चूक पुढच्या सॅम्पलमधून वजा करण्याची योजना केली. त्यामुळे उरलेली सळसळ खालच्या कंप्रतांकडून वर, कानाच्या मर्यादेपलीकडे ढकलली गेली. या तंत्राला नॉइझ शेपिंग म्हणतात. म्हणजे बिटामागे सहा डेसिबल हा नियम सळसळीच्या एकूण प्रमाणाला लागू पडतो. ती सळसळ कोणत्या कंप्रतांवर ठेवायची, हे अभियंत्याच्या हाती असते.

मंद आवाजाचे काय होते

मोठ्या आवाजात क्वांटायझेशनची चूक सळसळीसारखी असते, हे वर आले आहे. आवाज मंद होत गेला की चित्र बदलते, आणि बिट डेप्थची खरी परीक्षा तिथेच असते.

१६ बिटांच्या मुद्रणात पूर्ण पल्ल्यापेक्षा ९० डेसिबलने खाली असलेला शुद्ध सूर घेऊ. त्याची लाट शून्याच्या वर सुमारे एक पायरी आणि खाली एक पायरी एवढीच चढते-उतरते. तिच्याजवळ तीनच संख्या असतात: उणे १, ० आणि १. साइन सुराची गोलाई यात उरत नाही. लाट अर्ध्या पायरीच्या वर गेली की एकदम १ होते, तिच्याखाली आली की एकदम ०. अशा चौकोनी कडांच्या लाटेत मूळ सुराबरोबर नवे सूर निर्माण होतात. सुराची उंची नेमकी एक पायरी असेल, तर पाचपट, सातपट, अकरापट कंप्रतेचे सूर त्यात उमटतात, आणि पाचपट कंप्रतेचा सूर मूळ सुराच्या एक पंचमांश इतका मोठा असतो. ही सळसळ राहिली नाही, विकृती झाली. सुराला चिकटून राहणारी, सुराबरोबर बदलणारी विकृती कानाला स्थिर सळसळीपेक्षा जास्त खुपते. सूर आणखी मंद झाला आणि त्याची उंची अर्ध्या पायरीच्या आत आली, तर प्रत्येक सॅम्पल शून्यावर बसतो. आवाज हळूहळू विरत जाण्याऐवजी अचानक संपतो.

हा दोष गाण्याच्या शेवटी, आवाज हळूहळू कमी करत नेतात तिथे सापडतो. ख्यालाच्या मुद्रणात शेवटी गाणे थांबते आणि तानपुरा एकटा उरतो. त्याची पातळी कमी होत जाताना तारेच्या सुराचे वरचे अंश आधी खरखरीत होतात, मग सूर तुटक येतो आणि शेवटी शांततेत ढकलल्यासारखा बंद पडतो. आवाज खूप वाढवून ऐकल्यास हे स्पष्ट कळते.

यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो: बसवण्याआधी प्रत्येक सॅम्पलमध्ये थोडी सळसळ मुद्दाम मिसळायची. याला डिदर म्हणतात. समजा एखादे व्होल्टेज सतत ०.३ पायरीवर आहे. डिदर नसेल तर ते दरवेळी शून्यावरच बसेल आणि त्याचा मागमूस राहणार नाही. आता त्यात दरवेळी उणे अर्ध्या आणि अधिक अर्ध्या पायरीच्या दरम्यानची एक यदृच्छ संख्या मिळवली. बेरीज अर्ध्या पायरीच्या वर गेली की सॅम्पल १ होतो, नाहीतर ० राहतो. हे शंभरातल्या सुमारे तीस वेळा घडते. तीस वेळा १ आणि सत्तर वेळा ० यांची सरासरी ०.३ येते. पायरीच्या आतली माहिती सॅम्पलच्या सरासरीत टिकून राहिली. कान अनेक सॅम्पलचा परिणाम एकत्रच ऐकतो, म्हणून त्याला सळसळीतून सूर ऐकू येतो.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले जॉन व्हॅन्डरकूय आणि स्टॅनली लिपशिट्झ यांनी १९८४ मध्ये या पद्धतीचा सविस्तर अभ्यास मांडला. अशा दोन स्वतंत्र यदृच्छ संख्यांची बेरीज करून डिदर बनवले, तर विकृती पूर्ण नाहीशी होते आणि सळसळीची पातळीही सुराबरोबर वरखाली होत नाही. आज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हेच डिदर असते. शक्यतांचा आलेख त्रिकोणी असल्याने त्याला त्रिकोणी डिदर म्हणतात. त्याची किंमत मोजावी लागते. सळसळीची ऊर्जा तिप्पट होते, म्हणजे ती ४.८ डेसिबलने वाढते. १६ बिटांचे ९८.१ डेसिबल त्यामुळे ९३.३ होतात. या बदल्यात विकृतीऐवजी एकसारखी, न बदलणारी सळसळ मिळते, आणि त्या सळसळीच्याही खाली असलेले सूर ऐकता येतात. सळसळ सगळ्या कंप्रतांवर पसरलेली असते, तर एखादा सूर एकाच अरुंद जागी एकवटलेला असतो. म्हणून उणे १०० डेसिबलवरचा सूरही डिदर केलेल्या १६ बिटांत टिकतो.

हा फरक घरच्या संगणकावर ऐकता येतो. ८ बिटांत पायरी मोठी असल्याने तो साध्या हेडफोनवरही कळतो. सॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर असेल, तर पुढच्या दोन आज्ञा दोन फाइली बनवतात. दोन्हींत ४४० हर्ट्झचा सूर दहा सेकंदांत हळूहळू शून्यावर जातो. पहिली फाइल डिदर न करता लिहिली जाते, दुसरी डिदर करून.

```
sox -D -n -b 8 a.wav synth 10 sine 440 gain -40 fade t 0 10 10
sox -n -b 8 b.wav synth 10 sine 440 gain -40 fade t 0 10 10 dither
```

पहिल्या फाइलीत सुरुवातीला सुराची उंची सव्वा पायरी आहे. त्यामुळे तो आरंभापासूनच खरखरीत वाजतो आणि सहाव्या सेकंदाच्या आसपास, उंची अर्ध्या पायरीच्या आत येताच, एकदम बंद होतो. उरलेले जवळजवळ चार सेकंद फाइल रिकामी आहे. दुसऱ्या फाइलीत सळसळ स्पष्ट ऐकू येते, पण तिच्या आत सूर स्वच्छ असतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत विरत जातो. दोन्ही फाइलींत बिट तेवढेच आहेत.

टेलिफोनचा अपवाद

बिटामागे सहा डेसिबल हा नियम पायऱ्या समान असतील तरच लागू होतो. टेलिफोनच्या जाळ्यात प्रत्येक सॅम्पल फक्त ८ बिटांचा असतो आणि सेकंदाला ८,००० सॅम्पल घेतात. समान पायऱ्या असत्या तर हळू बोलणाऱ्याचा आवाज वर सांगितलेल्या खरखरीत बुडाला असता. म्हणून १९७२ च्या जी.७११ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात पायऱ्या असमान ठेवल्या आहेत. शून्याजवळ त्या बारीक आहेत आणि मोठ्या व्होल्टेजकडे रुंद होत जातात. युरोपात आणि भारतात वापरल्या जाणाऱ्या ए-लॉ प्रकारात शून्याजवळची पायरी १३ समान बिटांतल्या पायरीएवढी बारीक असते. त्यामुळे दबका आवाजही स्पष्ट पोचतो. मोठ्या आवाजात चूक वाढते, पण तिथे ती आवाजाच्या खाली झाकली जाते. बोलण्याला हे पुरते, संगीताला नाही.

चोवीस बिट आणि त्यांची मर्यादा

स्टुडिओत आज २४ बिटांत मुद्रण होते. सूत्राप्रमाणे त्याची डायनॅमिक रेंज १४६ डेसिबल असायला हवी. प्रत्यक्षात तेवढी कुठेच मिळत नाही, कारण इतक्या खाली गेल्यावर अडचण बिटांची राहत नाही, विद्युत मंडलाची होते.

सीडी प्लेअरमधून पूर्ण पल्ल्याचा सूर साधारण २ व्होल्ट आरएमएसने बाहेर येतो. तोच पल्ला धरला तर १६ बिटांची एक पायरी सुमारे ८६ मायक्रोव्होल्ट होते आणि २४ बिटांची सुमारे एक तृतीयांश मायक्रोव्होल्ट. प्रत्येक रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात आणि त्यातून स्वतःची सळसळ निर्माण होते. खोलीच्या तापमानाला एक किलोओहमच्या रेझिस्टरची सळसळ, श्रवणाच्या पूर्ण पट्ट्यात मोजली तर, अर्ध्या मायक्रोव्होल्टपेक्षा थोडी जास्त भरते. म्हणजे एक साधा रेझिस्टरसुद्धा २४ बिटांच्या पायरीपेक्षा मोठी सळसळ करतो. चांगले कन्व्हर्टर सुमारे १२० डेसिबलपर्यंत पोचतात. सूत्र उलटे वापरले तर हे जवळपास २० बिट होतात. शेवटच्या चार बिटांत गाणे नसते, मंडलाची उष्णता लिहिलेली असते.

तरीही २४ बिटांचा उपयोग मोठा आहे, आणि तो मुद्रणाच्या वेळी दिसतो. समजा एका ख्यालगायनाचे मुद्रण चालू आहे. विलंबितातली सुरुवात दबक्या आवाजात होते आणि द्रुतात तार सप्तकातल्या तानेला आवाज कितीतरी पटीने वाढतो. तो नेमका किती वाढेल, हे मुद्रकाला आधी माहीत नसते. पातळी पूर्ण पल्ल्याच्या वर गेली तर लाटेची टोके सपाट कापली जातात आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही. म्हणून तो मोठ्यात मोठ्या तानेलाही २० डेसिबल जागा शिल्लक राहील अशी पातळी ठेवतो. २० डेसिबल म्हणजे सव्वातीन बिटांच्या थोडे वर. १६ बिटांच्या मुद्रणात हे बिट रिकामे राहतात. डिदरची सळसळ उणे ९३ डेसिबलवर, शिखर उणे २० वर, दोघांतले अंतर ७३ डेसिबल. नंतर आवाज २० डेसिबलने वाढवून पूर्ण पल्ल्याला आणला की सळसळही तेवढीच वर येते. २४ बिटांत मुद्रण केले आणि कन्व्हर्टर १२० डेसिबलचा असला, तर हेच अंतर १०० डेसिबल राहते.

गाण्याच्या खोलीत ३० डेसिबलचा पार्श्वआवाज आणि मायक्रोफोनपाशी तानेचे शिखर १०५ डेसिबल धरले, तर त्या खोलीचीच रेंज ७५ डेसिबल भरते. १६ बिटांचे ७३ आणि खोलीचे ७५ जवळजवळ सारखे झाल्याने मुद्रणाची सळसळ खोलीच्या आवाजात भर घालते. २४ बिटांत ती खोलीच्या २५ डेसिबल खाली जाते आणि मुद्रकाला तिचा विचार करावा लागत नाही. तो पातळी सुरक्षित ठेवून गाण्याकडे लक्ष देऊ शकतो.

संपादनातही असेच घडते. आवाज कमी-जास्त करणे, दोन ट्रॅक मिसळणे, फिल्टर लावणे या प्रत्येक वेळी नव्या संख्या तयार होतात आणि त्या पुन्हा पायऱ्यांवर बसवाव्या लागतात. सारखी सळसळ दोनदा मिसळली तर तीन डेसिबल वाढते, दहा वेळा मिसळली तर दहा. म्हणून संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा ३२ बिट फ्लोट पद्धत वापरतात. यातले ८ बिट संख्येचा आवाका सांगतात आणि बाकीचे तिची अचूकता, जी २४ बिटांएवढी असते. आवाक्याचे बिट पायऱ्या बारीक करत नाहीत, सगळी मोजपट्टी वर किंवा खाली सरकवतात. त्यामुळे या पद्धतीत १,५०० डेसिबलहून अधिक पल्ला मावतो, पण कोणत्याही एका क्षणी अचूकता २४ बिटांचीच राहते. बिटामागे सहा डेसिबल हा हिशोब इथे फक्त अचूकतेच्या बिटांना लागतो.

एक गैरसमज या व्यवहारात वारंवार दिसतो. १६ बिटांची फाइल २४ बिटांत रूपांतरित केली की तिची डायनॅमिक रेंज वाढत नाही. प्रत्येक सॅम्पलच्या शेवटी आठ शून्ये जोडली जातात, एवढेच. चूक मूळ मुद्रणाच्या वेळीच झालेली असते आणि नव्या रिकाम्या बिटांना तिची दुरुस्ती माहीत नसते. सॅम्पलचे बिट दाखवणारा मीटर लावला की हे लगेच कळते. गाणे चालू असूनही शेवटचे आठ बिट एकदाही हलत नाहीत. उलट दिशेने, २४ बिटांवरून १६ वर येताना, क्रम महत्त्वाचा आहे. सगळे संपादन आधी संपवायचे, पातळी अखेरची ठरवायची, आणि १६ बिट करताना एकदाच डिदर लावायचे. डिदर करून पुन्हा आवाज कमी केला, तर नव्याने पायऱ्यांवर बसवावे लागते आणि तेव्हा डिदर नसेल तर विकृती परत येते.

श्रोत्यापर्यंत पोचवायला १६ बिट पुरतात का, याचे उत्तरही याच हिशोबातून मिळते. घरातल्या शांत खोलीत ३० डेसिबलच्या आसपास पार्श्वआवाज असतो. गाण्याचे शिखर १०५ डेसिबलपर्यंत जाईल इतका मोठा आवाज ठेवला, तरी डिदर केलेल्या १६ बिटांची सळसळ त्याच्या ९३ डेसिबल खाली, म्हणजे १२ डेसिबलवर राहते. ती खोलीच्या शांततेपेक्षाही खाली आहे. त्याहून जास्त बिट लागतात ते मुद्रण आणि संपादन करताना, कारण तिथे शिखर कुठे जाईल हे ठाऊक नसते आणि एकच आवाज अनेकदा मोजला जातो.